ओव्हरआर्म सर्व्हिस शिकवताना: भिंतीपासून एंड लाइनपर्यंत

व्हॉलीबॉलमध्ये अंडरआर्म सर्व्हिस जमणारी, पण ओव्हरआर्म मारायला गेली की चेंडू नेटमध्ये घालणारी सातवी ते दहावीतली मुलं जवळपास प्रत्येक शाळेच्या मैदानावर दिसतात. त्यांना पहिल्याच दिवशी एंड लाइनवर उभं केलं जातं आणि ‘जोरात मार’ असं सांगितलं जातं. चेंडू पोहोचत नाही म्हणून मूल आणखी ताकद लावतं, टॉस उंच उडवतं, अंग वाकडं करतं. आठवड्याभरात ती वाकडी सवयच पक्की होते. हा लेख क्रीडाशिक्षकांसाठी आणि लहानांना शिकवणाऱ्या सीनियर खेळाडूंसाठी आहे. यात उभ्याने मारायची साधी फ्लोट सर्व्हिस घेतली आहे, म्हणजे चेंडूला फिरकी न देता सरळ ढकलल्यासारखी मारलेली. जंप सर्व्ह आणि टॉपस्पिन हा नंतरचा अभ्यास आहे. फ्लोट पक्की होण्याआधी तो सुरू करू नये.

खाली सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्या मुलाला उलट करून सांगायचं, आणि सांगताना स्वतः त्याच्या समोर उभं राहायचं. आरशात पाहिल्यासारखं त्याला लगेच कळतं.

आधी चेंडू आणि भिंत

नियमाचा चेंडू 65 ते 67 सेंटिमीटर परिघाचा आणि 260 ते 280 ग्रॅमचा असतो. शाळेच्या कपाटातले चेंडू बहुतेक वेळा दगडासारखे फुगवलेले असतात. असा चेंडू तळव्याला झोंबतो, मग मूल फटका मारताना हात मागे ओढतं आणि आपण त्याच्या तंत्राला दोष देत बसतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर चेंडू थोडा आत गेला पाहिजे. हवा नीट आहे की नाही हे गेज लावून एकदा पाहावं. नियमात 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा दाब दिला आहे. बारा-तेरा वर्षांच्या किरकोळ अंगाच्या मुलांना सुरुवातीला हलका सरावाचा चेंडू मिळाला तर उत्तम.

भिंत निदान साडेतीन मीटर उंच हवी, आणि चेंडू लागून काही फुटेल अशी खिडकी आसपास नको. भिंतीवर खडूने तीन आडव्या रेषा मारा. पहिली 2.25 मीटरवर, ही मुलींच्या सीनियर नेटची उंची धरा (नियमात 2.24 आहे, मुलांसाठी 2.43, लहान वयोगटांच्या स्पर्धांत उंची वेगळी असते, तेव्हा आपल्या स्पर्धेची उंची विचारून घ्यावी). दुसरी 2.75 वर आणि तिसरी 3.25 वर. चेंडू लागायला हवा तो वरच्या दोन रेषांमधल्या पट्ट्यात.

नेटची रेषा आखून मुलांना ‘हिच्या जरासं वर मार’ असं सांगणं ही भिंतीवरच्या सरावातली सर्वात मोठी चूक आहे. एंड लाइनवरून मारलेला चेंडू साधारण पाच-सहा मीटर गेल्यावर सर्वात उंच असतो आणि तिथून खाली यायला लागतो. नेट नऊ मीटरवर आहे. म्हणजे सहा मीटरवरून भिंतीवर नेटच्या रेषेला अगदी लागून बसणारा चेंडू मैदानावर नेटच्या मध्यावर जाऊन आदळेल. म्हणून भिंतीवर अर्धा ते एक मीटर जास्त उंची मागायची. ही एक गोष्ट सुरुवातीला धरली की मैदानावर गेल्यावरचा निम्मा गोंधळ टळतो.

टॉस, आणि फक्त टॉस

पहिल्या तासाला कोणीही फटका मारायचा नाही. मुलं कुरकुर करतील, तरी चालेल.

मूल डावा पाय पुढे ठेवून उभं राहतं. दोन पायांत त्याच्या स्वतःच्या एका पावलाइतकं अंतर असतं. डाव्या पायाचा अंगठा जिथे चेंडू जायचा आहे तिकडे असतो आणि वजन मागच्या पायावर. चेंडू डाव्या तळव्यावर, खांद्याच्या उंचीवर, उजव्या खांद्याच्या सरळ समोर धरायचा. उजवा हात आधीच वर घेतलेला असतो: कोपर कानाच्या उंचीला, मागे, आणि तळवा उघडा. टॉस झाल्यावर हात वर न्यायला मूल सुरुवात करतं तेव्हा वेळ चुकते, म्हणून हात आधीच तयार ठेवायला लावा.

टॉस म्हणजे चेंडू वर उचलून सोडणं. मनगटाने उडवला की तो फिरतो आणि भरकटतो. हात सरळ वर जातो आणि डोळ्यांच्या उंचीला आला की चेंडू सोडतो. उंची किती? उजवा हात पूर्ण वर केला की बोटांची टोकं जिथे येतात, त्याच्या वर साधारण एक हात, म्हणजे चाळीस-पन्नास सेंटिमीटर. याहून उंच टॉसचा काही फायदा नाही. चेंडू जितका उंच जातो तितका खाली येताना वेगात असतो, आणि उघड्या मैदानावर वारा त्याला हलवतो.

तपासायची रीत सोपी आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या थोडं पुढे आणि थोडं उजवीकडे, खडूने किंवा फक्कीने दोन वितींचं एक वर्तुळ काढा. टॉस करायचा आणि चेंडू जमिनीवर पडू द्यायचा. तो वर्तुळात पडला तर टॉस बरोबर. वीस टॉस करायचे, जोडीदाराने मोजायचं. वीसपैकी पंधरा वर्तुळात पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. काही मुलांना हे एका तासात जमतं, काहींना चार तास लागतात. वर्तुळाच्या बाहेर चेंडू कुठे पडतो ते लक्षात ठेवा, कारण पुढे मैदानावर दिसणारी बहुतेक दुखणी इथेच कळतात. चेंडू मागे, डोक्यावर पडणाऱ्या मुलाची सर्व्हिस उंच आणि लुळी जाणार. फार पुढे पडणाऱ्याची नेटमध्ये. डावीकडे पडणाऱ्याला कंबरेतून वाकून मारावं लागणार.

सरावात वाईट टॉस मारू द्यायचा नाही. पकडायचा आणि पुन्हा करायचा. पण मुलांना हेही सांगून ठेवा की सामन्यात ही मुभा नसते. टॉस एकदाच करता येतो, आणि सोडलेला चेंडू न मारता खाली पडू दिला तर सर्व्हिस गेली.

फटका: तळव्यावरची खडूची पूड

आता भिंतीपासून तीन मीटरवर. इथे ताकद लागतच नाही, म्हणून मुलाचं सगळं लक्ष तळव्यावर राहतं.

चेंडूला लागायला हवा तो तळव्याचा मनगटाकडचा टणक भाग. बोटं उघडी आणि ताठ, मनगट कडक. फटका चेंडूच्या मागच्या बाजूला बरोबर मधोमध, जरासा खाली, आणि लागल्यावर हात तिथेच थांबल्यासारखा होतो. हात पुढे खाली ओढत नेला की चेंडूला फिरकी लागते आणि फ्लोट राहत नाही.

हे तोंडाने कितीही सांगा, मुलांना आपला हात नेमका कुठे लागला ते कळत नाही. म्हणून तळव्याला खडूची पूड चोळायला लावा (चुन्याची फक्की नको, डोळ्यात जाते). फटका मारल्यावर चेंडूवर ठसा उठतो. चेंडू पकडून तो ठसा मुलानेच बघायचा. नुसती चार बोटं उठली असतील तर तळवा लागलाच नाही. टॉस पुढे होता किंवा मनगट सैल होतं. ठसा एका कडेला पुसट आणि ओढल्यासारखा दिसला तर हात चेंडूवरून घसरला. गोल, भरीव, मनगटाकडे गडद असा ठसा हवा. चेंडू हवेत कसा जातो तेही बघा. चेंडूच्या उजव्या अंगाला हात लागला तर तो डावीकडे जातो, खालून लागला तर उलटा फिरत उंच चढतो. व्हॉल्व्हचं छिद्र आपल्याकडे ठेवून टॉस केला तर चेंडू फिरला की नाही हे मागून सहज दिसतं.

आवाजही सांगतो. तळवा नीट लागला की ठोस, जड आवाज येतो. बोटं लागली की चट् असा हलका. चार-पाच दिवसांत मुलं एकमेकांचे आवाज ऐकून चूक सांगायला लागतात, आणि त्यांना तसं करू द्यावं.

तीन मीटरवर सलग दहापैकी सात चेंडू पट्ट्यात बसले की साडेचार मीटरवर, मग सहा मीटरवर. सहा मीटरवर पहिल्यांदा अंगाचं वजन लागतं. टॉस हातातून सुटताना वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतं, डावा पाय एक छोटं पाऊल पुढे पडतो, कंबर आणि उजवा खांदा पुढे वळतो, आणि शेवटी हात येतो. हा क्रम मोडला, म्हणजे हात आधी आणि पाय नंतर, की सगळा भार खांद्यावर पडतो.

जोर पुरेसा आहे का, हे भिंतच सांगते. चेंडू पट्ट्यात लागून परत येताना त्याचा पहिला टप्पा भिंतीजवळच पडला तर फटका मऊ होता. टप्पा मुलाच्या पुढ्यात पडू लागला की तो मैदानावर यायला तयार आहे.

वीस मुलं आणि सहा चेंडू असा हिशेब असेल तर एका चेंडूमागे तीन-चार जण ठेवा. एक मारतो, एक बाजूला उभा राहून कोपर बघतो, एक चेंडू आणतो. पाच फटक्यांनंतर पाळी बदलते. दोन चेंडूंच्या जागांमध्ये निदान दोन मीटर मोकळे ठेवा. पायाखाली घरंगळत आलेल्या चेंडूवर उडी पडून घोटा मुरगळतो, तेव्हा चेंडू आत आला की ‘बॉल’ असं ओरडायचं आणि सगळ्यांनी थांबायचं.

नेटवर: अंतर एकेका मीटरने

नेटपासून पाच मीटरवरून सुरुवात करा, म्हणजे अटॅक लाइनच्या दोन मीटर मागून. मैदानाच्या दोन्ही बाजूंनी मुलं उभी केली की चेंडू आणायला पळावं लागत नाही. मैदानाच्या कडेला पाच, सहा, सात, आठ, नऊ मीटरवर फक्कीच्या छोट्या खुणा करून ठेवा.

दहापैकी सात आत गेले की एक मीटर मागे. सलग तीन नेटमध्ये गेले की एक मीटर पुढे. हा नियम सगळ्यांना सारखाच लावायचा, म्हणजे पुढे येणं ही शिक्षा वाटत नाही. एकाच तासात एखादं मूल सातवरून आठवर जाऊन पुन्हा सातवर येतं, हे अगदी नेहमीचं आहे.

सातवरून आठ आणि आठवरून नऊ हीच अवघड पायरी. एक उदाहरण घेऊ. आठवीतली मुलगी आहे. सात मीटरवरून दहापैकी आठ आत जातात. एंड लाइनवर आणल्यावर दहापैकी सहा नेटमध्ये, दोन उजवीकडे बाहेर, दोन आत. पाहणारा म्हणेल, ताकद कमी आहे. पण आधी तिला नुसता टॉस करायला लावा, चेंडू पडू द्या. तो वर्तुळाच्या दीड पाऊल पुढे पडतो. लांब मारायचं म्हणून तिने नकळत टॉसच पुढे फेकायला सुरुवात केली आहे. मग चेंडू तिच्या हाताला खूप खाली आणि पुढे भेटतो, आणि तळवा त्याच्या वरच्या भागावर पडतो. नेटमधल्या सहांचं उत्तर इथे मिळालं.

आता उजवीकडचे दोन. खडूचा ठसा बघा. तो चेंडूच्या डाव्या अंगाला आहे. पुढे गेलेल्या टॉसच्या मागे धावताना ती उजव्या बाजूला झुकते, हात शरीराच्या बाहेरून आत न येता उलट दिशेने जातो. म्हणजे दोन्ही चुकांचं मूळ एकच. तिला ‘जोरात मार’ सांगितलं असतं तर टॉस आणखी पुढे गेला असता.

उपाय असा: आठ मीटरवर या. डाव्या पायापुढचं वर्तुळ परत काढा. पाच टॉस पडू द्या, पाच पकडा, मग पाच मारा. मारताना एकच सूचना: ‘चेंडू कपाळाच्या समोर, हात पूर्ण लांब असताना भेटला पाहिजे.’ एका वेळी दोन सूचना दिल्या की मूल दोन्ही विसरतं. टॉस परत जागेवर आला आणि तरीही चेंडू नेटच्या वरच्या पट्टीला घासत असेल, तेव्हाच पायाच्या पावलाकडे वळायचं. पाऊल आणि खांद्याचं वळणं दोन्ही नीट असूनही चेंडू पोहोचत नसेल, तर मात्र खरंच ताकदीचा प्रश्न आहे. त्यावर उपाय वय आणि वेळ. तोवर ती सामन्यात अंडरआर्म मारू दे.

याउलट, चेंडू मागच्या रेषेबाहेर लांब जाणारी मुलं बहुतेक धिप्पाड असतात आणि त्यांचा टॉस डोक्यावर असतो. तळवा चेंडूच्या खाली लागतो. त्यांना ‘हळू मार’ म्हणू नका. टॉस पुढे आणायला सांगा.

एंड लाइनवर आल्या आल्या पायाची सवय लावा. चेंडूला हात लागतो त्या क्षणी पाय रेषेवर किंवा मैदानात असला तर चूक होते. चेंडू गेल्यावर आत आलं तर चालतं. उभ्या सर्व्हिसलाही एक पाऊल पुढे पडतं, म्हणून रेषेच्या दीड पाऊल मागून सुरुवात. चेंडू नेटला घासून पलीकडे आत पडला तर खेळ चालूच राहतो, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. जुन्या नियमाची आठवण असलेली मोठी माणसं त्यांना अजून चुकीचं सांगतात.

नेमबाजीचे खेळ

नऊ मीटरवरून दहापैकी सहा आत जाईपर्यंत जागा साधायचा खेळ घेऊ नका. आधी घेतला तर मुलं नेम साधायला मनगट वळवतात आणि तळवा बिघडतो. जागा बदलायची ती पायाने: डावा पाय आणि छाती जिकडे, चेंडू तिकडे. हाताची हालचाल कायम तीच.

पलीकडचं अर्धं मैदान नऊ बाय नऊ मीटर आहे. त्यावर फक्कीने तीन-तीन मीटरचे नऊ चौकोन सहज पडतात, अटॅक लाइन तर आधीच आखलेली असते. गुण असे ठेवा: मागच्या ओळीत दोन, मधल्या ओळीत एक, अटॅक लाइनच्या पुढे पडला तर शून्य, नेटमध्ये गेला तर एक वजा, बाहेर गेला तर शून्य. नेटला बाहेरपेक्षा जास्त शिक्षा मुद्दाम आहे. बाहेर जाणारा चेंडू समोरचा खेळाडू घाबरून उचलतो, पण नेटमधल्या चेंडूने समोरच्याला काहीच करावं लागत नाही. अशा गुणांमुळे मुलं आपोआप चेंडू उंच आणि खोल मारायला लागतात, वेगळं सांगावं लागत नाही.

पोझिशनचे आकडे इथे पक्के करून घ्या, कारण मुलं हमखास गोंधळतात. आपण आपल्या एक नंबरच्या मागून मारतो तेव्हा सरळ समोर प्रतिस्पर्ध्याची पाच नंबरची जागा येते. त्यांची एक नंबर तिरकी, डाव्या हाताला पडते. तिरकी मारताना चेंडूला मीटरभर जास्त जायचं असतं. म्हणून आधी पाच, मग सहा, शेवटी एक, असा क्रम ठेवा.

सामन्यात मात्र कोपऱ्यापेक्षा दोन रिसीव्हरच्या मधली जागा जास्त उपयोगी. मागच्या ओळीत पाच आणि सहा नंबरवर दोन मुलं उभी करा. त्यांनी चेंडू फक्त पकडायचा. सर्व्हरने दोघांच्या मधून मारायचा. दोघांपैकी कोणी हललंच नाही, किंवा दोघेही धावले, तर सर्व्हरला तीन गुण. फ्लोट चेंडू न फिरता शेवटी जरा डगमगतो, म्हणून ‘तुझा की माझा’ हा घोळ तिथेच होतो. रिसीव्ह करणाऱ्यांनाही या खेळाने मोठ्याने हाक द्यायची सवय लागते.

शेवटचा खेळ दोन संघांत, पाच-पाच जणांचा. पाटीवर 23-23 लिहा. प्रत्येकाला एकच सर्व्हिस. मारण्याआधी जागा तोंडाने सांगायची. शिट्टी वाजल्यावर आठ सेकंदांच्या आत मारायचं, शिक्षकाने मोठ्याने मोजायचं. सांगितलेल्या चौकोनात पडला तर दोन गुण, नुसता आत पडला तर एक, चुकला तर समोरच्या संघाला एक. आठ सेकंद भरपूर असतात, हे मुलांना इथे कळतं: रेषेमागे उभं राहायचं, जागा बघायची, एक श्वास, मग टॉस. घाई करणाऱ्याचा टॉस पहिल्यांदा बिघडतो.

उघड्या मैदानावर प्रत्येक खेळ दोन्ही बाजूंनी घ्या. समोरून वारा असला की फ्लोट जास्त डगमगतो पण लवकर खाली येतो, तेव्हा जोर वाढवायचा. पाठीमागून वारा असला की तोच फटका बाहेर जातो, तेव्हा नेटच्या जरासा वरून, सपाट मारायचा. एकाच बाजूने सराव केलेली मुलं सेट बदलला की गोंधळतात.

फटके मोजूनच घ्या. वाढत्या वयात खांद्याच्या हाडाची टोकं अजून पक्की झालेली नसतात. एका तासात पूर्ण जोराच्या चाळीस ते पन्नास सर्व्हिस पुरे, आणि त्याआधी खांदे, पाठ आणि कंबर मोकळी करणं दहा मिनिटं. हाताच्या वरच्या भागात किंवा खांद्यात फटक्याच्या वेळी दुखतंय असं मुलाने सांगितलं तर त्या दिवशी ओव्हरआर्म बंद. दुसऱ्या आठवड्यातही दुखत राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि तोवर त्या मुलाला टॉसचं वर्तुळ आणि गुण लिहायची पाटी द्यायची.